मुद्रकाला लिहिलेले दुसरे पत्र

घरात नवा कुरआन शरीफ आणायचा असला की आपल्याकडे दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तेरा ओळींचा आहे की सोळा ओळींचा? दादीसाठी हवा असेल तर तेरा ओळींचा, कारण पानावर ओळी कमी म्हणजे अक्षर मोठे आणि दोन ओळींमध्ये जागा मोकळी. हिफ्ज करणाऱ्या मुलाला त्याचे उस्ताद सांगतील तेवढ्या ओळींचा. हा हिशेब आपल्या घरांत लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतो. पण मुलांच्या शाळेच्या पुस्तकाची वेळ आली तेव्हा आम्हा शिक्षकांनाच तो आठवला नाही. आठवेपर्यंत एका मुद्रकाचे दोन महिने वाया गेले आणि चौथीतल्या एका मुलीला आम्ही विनाकारण बोल लावला. त्याचीच ही हकीकत आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, कृष्णाकाठी आमची उर्दू माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. आम्ही शिक्षक तिघे. मुलांना मराठी हा विषय असतो आणि ती मराठी बोलतातही झकास, कारण गल्ली, बाजार, एसटी सगळे मराठीतच चालते. अडते ते वाचनात. म्हणून कराडपासून मिरजेपर्यंतच्या काही उर्दू शाळांतील शिक्षकांनी मिळून तिसरी-चौथीसाठी मराठी वाचनाचे एक छोटे पुस्तक तयार करायचे ठरवले. वीस धडे, प्रत्येक धड्याखाली अवघड शब्दांचे उर्दू अर्थ. पालकांनी आणि शिक्षकांनी वर्गणी काढली. पाचशे प्रती छापायच्या होत्या. काम सांगलीतल्या एका जुन्या छापखान्याला दिले.

पहिले प्रूफ आले तेव्हा आम्ही ते कौतुकाने वर्गात नेले. अठ्ठेचाळीस पाने, चित्रे सुरेख. एका धड्यात सह्याद्रीचे वर्णन होते. चौथीतली एक मुलगी उभी राहून वाचू लागली. ती वाचताना नेहमीच अडखळते, बोट ठेवून वाचते, मध्येच ओळ चुकते. तिने वाचले, ‘सह्याद्रीच्या दर्या’. आम्ही म्हटले, “दऱ्या वाच. नीट बघ.” तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेले आणि पुन्हा वाचले, ‘दर्या’. आम्ही जरा चढ्या आवाजात तिसऱ्यांदा सांगितले. ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, “सर, सह्याद्रीचे दरिया म्हणजे कृष्णा-कोयना ना?”

उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आम्ही चष्मा लावून प्रूफ खिडकीशी नेले. पानावर खरोखरच ‘दर्या’ छापले होते. अर्धा र आडवा न येता रफार होऊन य-वर जाऊन बसला होता. आम्ही तिघांनी ते प्रूफ दोनदा तपासून सही केली होती आणि तिघांनाही ते दिसले नव्हते. आम्ही पानावरचे वाचलेच नव्हते, मनातले वाचले होते. ज्या मुलीला आम्ही कच्ची समजत होतो, तिने मात्र छापले होते तेच वाचले आणि त्यातून निघेल तो अर्थही लावला.

त्या दिवशी आम्ही मुद्रकाला पहिले पत्र लिहिले. ते चारच ओळींचे होते. त्यातली मुख्य ओळ अशी: ‘अक्षर फार बारीक आहे, तरी ते मोठे व ठळक करून द्यावे.’

पंधरा दिवसांनी दुसरे प्रूफ आले. अक्षर मोठे झाले होते, ठळकही झाले होते, आणि पान पहिल्यापेक्षा वाचायला अवघड झाले होते. मुद्रकाने अक्षर बारा पॉइंटचे चौदा केले होते, पण दोन ओळींमधले अंतर तेवढेच ठेवले होते. त्यामुळे वरच्या ओळीतल्या ‘तू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘मी’च्या वेलांटीत अडकत होता. पाने वाढू नयेत म्हणून समास कापले होते, त्यामुळे आतल्या बाजूचे शब्द शिलाईकडे ओढले गेले होते. आणि ठळक केल्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’ जवळजवळ एक दिसत होते.

हे शेवटचे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण ‘ठळक म्हणजे स्पष्ट’ असे आपण सगळेच धरून चालतो. घ आणि ध, म आणि भ या जोड्या डोळ्यांसमोर आणा. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक लहानशी गाठ किंवा वळण असते. बाकी आकार सारखाच. म्हणजे या दोन अक्षरांची ओळख त्या छोट्या मोकळ्या जागेत आहे. अक्षर जाड केले की शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते आणि आधी तीच जागा बुजते. मोठ्या माणसाला फरक पडत नाही, तो शब्द ओळखून पुढे जातो. ‘धर’ की ‘घर’ हे त्याला वाक्यच सांगते. नव्याने वाचणाऱ्या मुलाकडे ते वाक्य अजून नसते. त्याच्याकडे फक्त अक्षर असते.

आम्ही रागावून सांगलीला गेलो. मुद्रक वयस्कर गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि आमचेच पत्र आमच्यासमोर ठेवले. म्हणाले, “सर, तुम्ही मोठे म्हणालात, मी मोठे केले. ठळक म्हणालात, ठळक केले. पाने वाढवा असे कुठे लिहिले आहे? ओळीत अंतर वाढवा असे कुठे लिहिले आहे?”

आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग त्यांनीच समजावले. सांगलीशेजारच्या मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. कोरणाऱ्याने प्रत्येक अक्षर त्याच्या जागी बघून कोरले, तेव्हा मात्रा कशात अडकणार नाही हे तो हातानेच सांभाळत होता. पुढे शिशाचे खिळे आले, तेव्हा प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरून ओतत. लहान आकारात अक्षराच्या आतली पोकळी जरा मोकळी ठेवता येई. आता संगणकावर एका चौकटीत आकडा घालायचा, की तेच अक्षर मोठे किंवा लहान होते. “आकडा घालायला सेकंद लागतो,” ते म्हणाले, “म्हणून कोणी विचार करत नाही. तुम्ही मला आकडा नका सांगू. मुलांना काय हवे ते मोजून आणा.”

मोजायचे काय, हे त्यांनी पट्टी घेऊन दाखवले. बाहत्तर पॉइंट म्हणजे एक इंच. म्हणजे बारा पॉइंट म्हणजे साधारण सव्वाचार मिलिमीटर. पण आमच्या प्रूफातल्या ‘क’ची उंची डोक्यावरच्या रेघेपासून खाली मोजली तर ती भरली जेमतेम दोन मिलिमीटर. बाकीची उंची कुठे गेली? पॉइंट हे माप अक्षराचे नसते, अक्षर ज्या अदृश्य पेटीत बसते त्या पेटीचे असते. देवनागरीत त्या पेटीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा ठेवावी लागते. म्हणून अक्षराच्या अंगाला पेटीचा साधारण निम्मा भाग मिळतो. शिवाय एका फॉन्टमध्ये ही वाटणी वेगळी, दुसऱ्यात वेगळी. त्यांनी बारा पॉइंटचाच ‘क’ दोन फॉन्टमध्ये काढून दाखवला. एक स्पष्टच लहान होता. म्हणजे ‘सोळा पॉइंट करा’ असे लिहिणेही पुरेसे नाही. पट्टीने मोजलेली ‘क’ची उंची लिहायची.

परतीच्या एसटीत आम्हाला तेरा ओळी आठवल्या. दादी कधी पॉइंट विचारत नाही. ती पानावरच्या ओळी मोजते. ओळी ठरल्या की अक्षर आणि अंतर दोन्ही एकदम ठरतात.

मोजमाप करायला आम्ही वर्गातच एक चाचणी घेतली. आधी चूक केली, ती सांगतो. एकच उतारा तीन आकारांत छापून मुलांकडून लहानापासून मोठ्याकडे वाचून घेतला. मोठ्या अक्षरात सगळ्यांचे वाचन उत्तम झाले. होणारच, तिसऱ्यांदा तोच उतारा वाचल्यावर अर्धा पाठ झालेला असतो. मग सारख्याच अवघडपणाचे तीन वेगळे उतारे घेतले आणि कोणी लहानापासून, कोणी मोठ्यापासून सुरुवात केली. मूल वाचताना आम्ही फक्त तीन गोष्टींची खूण करत होतो: अक्षर चुकले, ओळ चुकली, बोट ठेवावे लागले.

निकाल एकसारखा नव्हता. जी मुले आधीच सराईत होती त्यांना फरक पडला नाही. ज्यांना अक्षरेच पक्की नव्हती त्यांनाही फारसा पडला नाही, त्यांना अजून शिकवायला हवे होते. फरक पडला तो मधल्या मुलांना, ज्यांना अक्षरे येतात पण वेग नाही. आणि त्यांच्यात सर्वांत जास्त कमी झाली ती ‘ओळ चुकली’ ही खूण. याचे कारण आम्हा उर्दू शिक्षकांना पटकन उमगले. ही मुले एका तासाला उजवीकडून डावीकडे वाचतात आणि दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे. ओळ संपली की नजर पानभर मागे न्यावी लागते आणि पुढची ओळ पकडावी लागते. ओळी दाट असतील तर नजर एक ओळ खाली किंवा वर जाऊन पडते. आमची ती मुलगी बोट ठेवत होती ती अक्षरासाठी नव्हे, ओळ हरवू नये म्हणून. ज्या पानावर बावीस ओळी होत्या त्यावर तिने बोट उचलले आणि वाचत गेली.

तिच्या डोळ्यांचीही तपासणी करवून घेतली. तिचे डोळे ठीक निघाले. वर्गातल्या दुसऱ्या दोघांना मात्र चष्मा लागला, आणि ते दोघे मोठ्या अक्षरातही अडखळत होते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठे अक्षर हे चष्म्याला पर्याय नाही. अक्षर मोठे करूनही मूल पुस्तक डोळ्यांजवळ नेत असेल, तर मुद्रकाकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

त्यानंतर लिहिलेले दुसरे पत्र पुढे देत आहोत. आपल्यापैकी कोणी मदरशासाठी, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी किंवा शाळेसाठी पुस्तिका छापणार असतील, तर त्यांना ते उपयोगी पडेल.

‘मा. मुद्रक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या वाचन पुस्तकाचे दुसरे प्रूफ मिळाले. पहिल्या पत्रात आम्ही नीट लिहिले नव्हते, त्यामुळे आपले श्रम वाया गेले, याबद्दल दिलगीर आहोत. आता मोजून लिहीत आहोत.

एक. धड्यांच्या मजकुरात ‘क’ची उंची डोक्यावरच्या रेघेपासून खालपर्यंत तीन मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. त्यासाठी किती पॉइंट लागतील ते फॉन्टप्रमाणे आपण ठरवावे.

दोन. पानावर बावीसपेक्षा जास्त ओळी नसाव्यात. वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी यांच्यामध्ये पांढरी जागा स्पष्ट दिसली पाहिजे.

तीन. धड्यांचा मजकूर ठळक नको, साधा असावा. ठळक फक्त शीर्षकाला. घ-ध, म-भ, ब-व, प-ष या जोड्या छापून पाहाव्यात. ब-च्या पोटातली रेघ आणि ध-च्या डोक्यावरची फट दिसली पाहिजे.

चार. उजवी कड सरळ करण्यासाठी शब्दांमधली जागा ताणू नये. अक्षर मोठे झाल्यावर ओळीत सहा-सात शब्दच बसतात, आणि ताणले की मध्ये खिंडारे पडतात. उजवी कड वेडीवाकडी राहिली तरी चालेल. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नये.

पाच. मजकूर जुन्या फॉन्टमधून नव्यात बदलताना दऱ्या, पायऱ्या, दुसऱ्या, वाऱ्यावर अशा शब्दांत रफार झाला आहे. असे शब्द आम्ही यादी करून सोबत जोडले आहेत. तसेच ल आणि श ही अक्षरे काही पानांवर हिंदी वळणाची आली आहेत. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श असावा. मुले फळ्यावर तीच वळणे गिरवतात.

सहा. उर्दू अर्थ चित्र म्हणून चिकटवले आहेत, त्यामुळे त्यांच्या कडा फुटल्या आहेत आणि नुक्ते एकमेकांत मिसळले आहेत. ते अक्षर म्हणूनच घ्यावेत. उर्दूची ओळ मराठीच्या ओळीपेक्षा उंच लागते, म्हणून तिला मराठीचे अंतर लावू नये.

सात. मजकूर चित्रावर किंवा रंगीत पट्ट्यावर छापू नये. काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत असावीत.

आठ. शेवटचे प्रूफ चकचकीत कागदावर नको. ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर, दोन्ही बाजूंनी छापून द्यावे.

कळावे, लोभ असावा.’

यातल्या दोन-तीन कलमांचा खुलासा करायला हवा.

उर्दूच्या कलमाबद्दल प्रथम. नस्तालीकमध्ये शब्द सरळ रेषेत बसत नाही. तो उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. शब्द लांब असेल तर सुरुवात आणि शेवट यांच्यात चांगलाच उतार असतो. म्हणून तिला ओळीची उंची जास्त लागते आणि तेवढ्याच पॉइंटमध्ये तिचे अक्षर बारीक दिसते. याच कारणाने उर्दू पुस्तके फार उशिरापर्यंत कातिबच्या हाताने लिहून छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडशब्दांचे तुकडे हाताने लिहून काढले आणि १९८१ साली नूरी नस्तालीक आले, तेव्हा कुठे यंत्रावर सुबक नस्तालीक जुळू लागले. आमच्या मुद्रकांकडे उर्दू येणारा माणूस नव्हता, म्हणून त्यांनी दुसरीकडून मजकूर जुळवून त्याचा फोटो चिकटवला होता. फोटोत बे-चा एक नुक्ता, ते-चे दोन आणि से-चे तीन यांचा सगळा एकच ठिपका झाला होता. नुक्ताच कळला नाही तर शब्द कळत नाही. शेवटी उर्दूचा मजकूर आमच्यातल्या एका शिक्षकाने स्वतः जुळवून दिला.

काळ्या शाईचे कलमही अनुभवातून आले. रंगीत पुस्तक चार शाईंत छापतात. संगणकावर काळे अक्षर चुकून चारही रंगांच्या मिश्रणाने बनवले, तर छापताना चार पत्रे केसभर जरी सरकले तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली दिसते. आमच्या प्रूफात भिंग लावून पाहिले तर अक्षराच्या एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला लालसर कड होती. लांबून ते फक्त ‘पुसट’ वाटते. काळ्या एका शाईत छापले की ही भानगडच राहत नाही, कारण एका शाईला सरकायला दुसरी शाईच नसते.

आणि कागद. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरे पुढे उमटून दिसतात. चकचकीत जाड कागदावरच्या प्रूफात हे कळत नाही. म्हणून त्याच कागदावर, दोन्ही बाजूंनी छापलेले पान मागायचे आणि खिडकीत न धरता वर्गातल्या नेहमीच्या उजेडात, शेवटच्या बाकावर ठेवून पाहायचे.

पत्र वाचून मुद्रकांचा फोन आला. सगळे मान्य, पण पुस्तक दुप्पट होईल, ते म्हणाले. हिशेब बरोबर होता. अक्षर बाराचे सोळा झाले की ओळीत मजकूर पाऊणपट बसतो. ओळी बत्तीसच्या बावीस झाल्या की पानावर त्याहून कमी. दोन्ही मिळून एका पानाचा मजकूर जवळजवळ दोन पाने घेतो. धड्यांची तीस पाने अठ्ठावन्न होणार. पुस्तक छापतात सोळा पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे आमचे तीन फॉर्मे चार नव्हे, पाचाकडे जात होते. वर्गणी तर तीन फॉर्म्यांची होती.

त्या रविवारी आम्ही पुस्तक समोर घेऊन बसलो आणि मुलांच्या कामाचे काय आहे ते मोजले. सुरुवातीची सहा पाने मान्यवरांच्या शुभेच्छा संदेशांची होती, फोटोसह. ती एका पानावर आणली. दोन-तीन जण नाराज झाले. प्रत्येक धड्याखाली शिक्षकांसाठी सूचना होत्या. त्या शेवटी चार पानांत एकत्र केल्या आणि बारीक अक्षरातच ठेवल्या, कारण त्या वाचणारे आम्ही, चष्मेवाले. स्वाध्याय फळ्यावर देता येतात म्हणून पुस्तकातून काढले. तरीही बसेना, तेव्हा वीस धड्यांतले चार धडे काढले. हे काढताना जीव तुटला, त्यातला एक आमचाच होता. उरले सोळा धडे, प्रत्येकी तीन पाने, म्हणजे अठ्ठेचाळीस. शीर्षक, अनुक्रम, संदेश, सूचना आणि चित्रांची पाने मिळून बरोबर चौसष्ट. चार फॉर्मे. मग शाळांची पटसंख्या पुन्हा मोजली. मुले चारशेपेक्षा कमी होती. पाचशे प्रतींचे तीन फॉर्मे आणि चारशे प्रतींचे चार फॉर्मे यांना कागद जवळपास सारखाच लागतो. वर्गणी तेवढ्यातच भागली.

एका बाबतीत मुद्रकांनी आमचे ऐकले नाही. जाड कागद चौसष्ट पानांना परवडणार नव्हता. मधला उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक पानाच्या ओळी पाठीमागच्या पानाच्या ओळींवर अचूक बसवल्या, म्हणजे मागची छाया ओळीखालीच लपते, दोन ओळींच्या मोकळ्या जागेत येत नाही. हे आम्हाला सुचले नसते.

तिसरे प्रूफ तपासताना आम्ही आमची पद्धतही बदलली. आधी आम्ही मजकूर अर्थाने वाचत होतो, म्हणूनच दर्या निसटला होता. या वेळी एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचले, दुसऱ्याने पानावर पेन्सिल ठेवून अक्षर न् अक्षर पाहिले, आणि जोडाक्षर आले की थांबून खूण केली. वेळ तिप्पट लागला. यादीबाहेरचे आणखी दोन रफार सापडले.

मग ते पान आम्ही वर्गात नेले. त्याच मुलीला तोच धडा दिला. तिने ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे वाचले, मान वर केली आणि विचारले, “सर, आता बदललंय ना हे?”

आम्ही सगळ्या वर्गासमोर तिला सांगितले की हो, बदलले आहे, आधी छापण्यात चूक होती आणि तू बरोबर वाचले होतेस. ती खाली बघून हसली आणि पुढचे वाक्य वाचू लागली.